कबड्डीच्या आडव्या चित्रणातून उभे व्हिडिओ: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

मंडळाच्या स्पर्धेचे सामने हार्ड डिस्कवर आले. काम असं आहे की निवडक चढाया कापून त्यांचे उभे व्हिडिओ करायचे, म्हणजे ९:१६, १०८० बाय १९२०. रील्स आणि शॉर्ट्स दोन्हीकडे एकच फाइल चढवायची. लांबी हा प्रश्नच नाही, कारण चढाई ३० सेकंदांची असते. प्रश्न रुंदीचा आहे.

आलेल्या साहित्यात तीन प्रकार आहेत. मुख्य कॅमेरा बाजूच्या रेषेपलीकडे, प्रेक्षकांच्या मागच्या मचाणावर पक्का बसवलेला, फोरके, सेकंदाला ५० फ्रेम. सबंध मैदान एकाच चौकटीत आहे आणि कॅमेरा कुठेच हललेला नाही. दुसरा कॅमेरा अंतिम रेषेमागे हातात धरलेला, फुल एचडी. तिसरं म्हणजे थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग, ज्यात गुणफलक चित्रातच छापलेला आहे.

तिसरं बाजूला ठेवलं. गुणफलक डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. उभी चौकट उजवीकडे गेली की तो गायब होणार, डावीकडे आली की अर्धा कापला जाणार, मग "यजमान संघ २" एवढंच वाचायला मिळणार. प्रक्षेपण करणाऱ्या मित्राला फोन करून सांगितलं, "पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या कार्डावरची कोरी फाइलपण ठेव रे." गुण मी उभ्या चौकटीत नव्याने लिहीन.

४ फेब्रुवारी

कापायला बसण्याआधी मोजमाप.

फोरकेची चौकट ३८४० बाय २१६०. तिच्या पूर्ण उंचीतून ९:१६ चा तुकडा काढला तर रुंदी १२१५ पिक्सेल येते. सम आकडा बरा पडतो म्हणून १२१६ धरतो. म्हणजे आडव्या चित्राचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भाग हातात राहतो, दोन तृतीयांश जातो. तो कुठला जाऊ द्यायचा, हे ठरवणं म्हणजेच हे सगळं काम.

पिक्सेल मोजून काही कळत नाही, मीटरमध्ये मोजल्यावर कळतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मुख्य कॅमेऱ्याच्या चित्रात जवळची बाजूची रेषा ३५०० पिक्सेल लांब दिसते आणि लांबची साधारण २३३०. दोन्ही प्रत्यक्षात १३ मीटरच. त्यामुळे १२१६ पिक्सेलच्या चौकटीत जवळच्या रेषेवर साडेचार मीटर मावतात, मैदानाच्या मध्यावर साडेपाचच्या वर आणि पलीकडच्या रेषेवर पावणेसात.

आता नियमातले आकडे त्याच्या शेजारी ठेवू. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटर, बोनस रेषा त्याच्या पुढे १ मीटर, अंतिम रेषा ६.५ मीटर. म्हणजे पलीकडच्या बाजूने झालेली चढाई मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत एका उभ्या चौकटीत जेमतेम बसते. मैदानाच्या मध्यावर बोनस रेषेपर्यंत बसते, त्यापुढे नाही. आणि कॅमेऱ्याजवळच्या कोपऱ्यात झालेल्या झटापटीत मध्यरेषा चौकटीत राहूच शकत नाही.

हे कागदावर काढून भिंतीला चिकटवलं. आता कुठली चढाई सरळ कापता येईल आणि कुठे डोकं लावावं लागेल, ते नुसतं बघूनच कळतं.

५ फेब्रुवारी

डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन १०८० बाय १९२० केली, इनपुट स्केलिंग `Scale full frame with crop`. चित्र आपोआप उंचीला भिडतं आणि चौकट मधोमध बसते. मधोमध म्हणजे मध्यरेषेवर. चढाईपटू आत शिरला की दोनच पावलांत बाहेर.

स्टुडिओ आवृत्तीतलं `Smart Reframe` चालवून पाहिलं, कारण ते एका बटणात होत असेल तर बाकीची मेहनत कशाला? `Auto` वर ठेवलं तर ते मधूनमधून पंचांना धरतं. पंच बाजूच्या रेषेवर उभे, कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून आकाराने मोठे आणि सतत हालचाल करणारे. `Reference Point` वापरून चढाईपटूवर खूण केली तेव्हा त्याने चढाईपटूला बऱ्यापैकी पकडून ठेवलं.

पण बघायला काही मजा येईना. चढाईपटू चौकटीच्या बरोबर मधे, छान दिसतोय, आणि गुण कसा गेला ते कळत नाही. पकड मागून कोपरारक्षकाने केली, तो चौकटीच्या कडेला अर्धा. सगळ्यात वाईट म्हणजे शेवट. चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो तेव्हा एका सेकंदात जवळजवळ चार मीटर जातो. आपोआप चालणारी चौकट गुळगुळीत हलावी म्हणून थोडी मागे राहते. त्या मागे राहण्यात त्याचा लांबवलेला हात डाव्या कडेबाहेर गेला आणि रेषेला तो पोचला की नाही तेच दिसलं नाही. ज्या अर्ध्या सेकंदासाठी व्हिडिओ करायचा, नेमका तोच चौकटीबाहेर.

वेग जास्त ठेवला की चौकट त्याच्या प्रत्येक हुलकावणीबरोबर डावीउजवीकडे नाचते. चढाईपटूचं कामच हुलकावणी देणं, तो चौकटीलाही हुलकावणी देतो.

संध्याकाळी मंडळाचे प्रशिक्षक आले होते. सरांना दोन्ही दाखवले. ते म्हणाले, "तू त्याच्या छातीकडे बघतोयस. बचाव करणारा छातीकडे बघायला लागला तर मी त्याला बाहेर बसवीन. पाय बघ, आणि त्याच्यात आणि रेषेत किती जागा उरलीय ती बघ."

माझ्या कामासाठीही हेच खरं आहे. चौकटीत माणूस धरायचा नाही. चढाईपटू, त्याला भिडणारा बचावपटू आणि त्या क्षणाला जी रेषा महत्त्वाची ती, या तिघांमधलं अंतर धरायचं. कधी ती बोनस रेषा असते, कधी मध्यरेषा, कधी बाजूच्या रेषेलगतच्या राखीव क्षेत्राची कड.

७ फेब्रुवारी

पद्धत उलटी केली. चढाई सुरुवातीपासून न बघता शेवटापासून बघायची. गुण कुठे ठरला तो फ्रेम शोधायचा आणि तिथे चौकट कुठे हवी ते आधी पक्कं करायचं. मग मागे यायचं, पकड कुठे सुरू झाली, तिथे चौकट कुठे हवी. मग सुरुवात. बहुतेक चढायांना तीन जागा पुरतात. या जागांच्या मधल्या हालचाली नंतर.

आज एक चढाई पूर्ण केली, तिचे आकडे इथे लिहून ठेवतो, बाकीच्या याच साच्यात होतील.

सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई होती, म्हणजे गुण घेतल्याशिवाय परतलं तर बाद. चढाईपटू डावीकडून उजव्या अर्ध्यात शिरतो. सुरुवातीचे ९ सेकंद तो मध्यरेषा आणि निदान रेषेच्या दरम्यान चाचपणी करतो. मग कॅमेऱ्याजवळच्या कोपऱ्यावर चाल करून जातो, पाय फेकतो, कोपरारक्षक घोटा धरतो. चढाईपटू तसाच वळून मध्यरेषेकडे झेपावतो आणि घोटा धरलेल्या रक्षकासकट ओढत हात रेषेपलीकडे टेकवतो.

मूळ चित्रात मध्यरेषा १९२० वर आहे, म्हणजे बरोबर मधे. कॅमेरावाल्याने मचाण मोजून लावलं होतं, त्याचे आभार.

शेवटची जागा आधी घेतली. झेप घेतल्यावर चढाईपटूचा हात १९०० च्या आसपास, घोटा २४७५ वर, आणि मागे पालथा पडलेला रक्षक २९२५ पर्यंत पसरलेला. एकूण १०२५ पिक्सेल, १२१६ च्या चौकटीत मावतात. चौकटीची डावी कड १७९० वर ठेवली. मध्यरेषा डाव्या कडेपासून १३० पिक्सेल आत, रक्षकाच्या मागे थोडी मोकळी जागा. चढाईपटू मधोमध नाही, पण काय घडलं ते सगळं आहे.

मधली जागा कोपऱ्यातली. चढाईपटू ३१४५ वर, कोपरारक्षक ३३०० वर, पण मदतीला धावणारा कव्हरचा बचावपटू २५०० पासून येतो. तो दिसला पाहिजे, कारण तो पोचेल की नाही यातच सगळा थरार आहे. डावी कड २२५०, उजवी ३४६६. इथे मध्यरेषा चौकटीबाहेर गेली. गेली तर गेली, या दोन सेकंदांत तिचं काम नाही.

सुरुवातीची जागा १७४० वर. मध्यरेषा आणि मैदानाच्या मध्यावरची बोनस रेषा, दोन्ही आत. बोनस अगदी कडेवर आहे पण आहे.

आता हालचाल. चढाईपटू कोपऱ्यातून मध्यरेषेपर्यंत परतताना त्याचं धड साडेनऊशे पिक्सेल सरकतं. चौकट मात्र २२५० वरून १७९० वर येते, म्हणजे ४६० पिक्सेल. ती त्याच्या निम्मीच हलते, उरलेलं अंतर खेळाडू चौकटीच्या आत कापतो. त्यामुळे त्याची झेप झेपेसारखी दिसते. चौकट त्याच्याबरोबर तेवढ्याच वेगाने पळाली असती तर तो जागच्या जागी तरंगल्यासारखा दिसला असता आणि मागचे प्रेक्षक पळाले असते.

दुसरं, चौकट त्याच्या मागे नाही, किंचित आधी निघते. तो १२.५ सेकंदाच्या सुमारास वळतो, चौकटीची हालचाल १२.४ ला सुरू होते आणि १३.२ ला संपते. हात टेकतो तेव्हा चौकट थांबलेली असते. निर्णयाच्या क्षणी चौकट स्थिर हवी, नाहीतर रेषाच सरकताना दिसते आणि हात रेषेच्या अलीकडे की पलीकडे ते डोळ्याला ठरवता येत नाही.

रिझॉल्व्हमध्ये हेच `Position X` च्या कीफ्रेमने, म्हणजे ठरावीक क्षणी जागा पक्की करणाऱ्या खुणेने, येतं. चित्र ०.८९ पटीने लहान झालेलं असल्यामुळे आकडे बदलतात: सुरुवातीला –३८०, कोपऱ्यात –८३४, शेवटी –४२५. कीफ्रेमवर उजवं क्लिक करून `Ease In` आणि `Ease Out`, नाहीतर चौकट धक्क्याने सुटते आणि धक्क्याने थांबते.

८ फेब्रुवारी

एका चढाईला तीन कीफ्रेम हाताने लावणं ठीक. पण आकडे वहीत असतील तर सॉफ्टवेअर न उघडताही मसुदा काढता येतो आणि सरांच्या फोनवर पाठवता येतो. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या व्हिडिओ साधनाच्या `crop` मध्ये डाव्या कडेची जागा दर फ्रेमला नव्याने मोजली जाते, वेळ `t` मध्ये मिळतो. कालची चढाई अशी:

```
ffmpeg -i chadhai.mp4 -vf "crop=1216:2160:x='st(0,clip((t-9)/1.6,0,1));st(1,clip((t-12.4)/0.8,0,1));1740+510*ld(0)*ld(0)*(3-2*ld(0))-460*ld(1)*ld(1)*(3-2*ld(1))':y=0,scale=1080:1920,setsar=1" -c:a copy ubhi.mp4
```

वाचायला भयंकर, पण अर्थ साधा. १७४० पासून सुरुवात. नवव्या सेकंदापासून १.६ सेकंदांत ५१० उजवीकडे. १२.४ पासून ०.८ सेकंदात ४६० डावीकडे. `3-2*ld` चा भाग हालचाल हळू सुरू करून हळू थांबवतो. चौकट मूळ चित्राबाहेर जाऊ नये म्हणून डावी कड २६२४ च्या पुढे न्यायची नाही.

यातून एक गोष्ट समोर आली. मसुदा हलका व्हावा म्हणून एक प्रत सेकंदाला २५ फ्रेमने काढली, एक मूळच्या ५० ने. शेजारीशेजारी लावल्या. २५ वाल्यात परतीच्या हालचालीच्या वेळी मागचे प्रेक्षक आणि मैदानाच्या रेषा थरथरतात, एकाच्या दोन दिसतात.

कारण असं. खरा कॅमेरा फिरवला तर फिरताना चित्र थोडं फाकतं आणि डोळ्याला सलग वाटतं. इथे कॅमेरा स्थिर होता, म्हणून प्रत्येक फ्रेममधल्या रेषा आणि प्रेक्षक कोरीव आहेत, आणि आपण ती कोरीव चित्रं नुसती बाजूला सरकवतो. ०.८ सेकंदात ४६० पिक्सेल म्हणजे ५० फ्रेमला सरासरी साडेअकरा पिक्सेल प्रति फ्रेम, मधल्या वेगवान भागात सतरा. २५ ला ते दुप्पट, चौतीसपर्यंत. तेवढ्या उड्या डोळा पकडतो.

तेव्हा ५० फ्रेमच ठेवायचे. जिथे मूळ चित्रणच २५ चं असेल तिथे दोन वाटा राहतात. हालचाल लांबवून मंद करायची, किंवा हालचाल न करता सरळ तोडून दुसऱ्या जागेवर जायचं. एकाच चित्रणात असं तोडणं एरवी खटकतं, पण जागेतला फरक अर्ध्या चौकटीपेक्षा जास्त असेल आणि तोड शिट्टीवर किंवा पकडीच्या धक्क्यावर पडली तर चालून जातं. थोड्याशा फरकासाठी तोडलं तर मात्र फाइल अडकल्यासारखी वाटते.

१० फेब्रुवारी

मसुदा फोनवर, खऱ्या ॲपमध्ये खाजगी ठेवून पाहिला. संगणकाच्या पडद्यावर सगळं ठीक होतं. फोनवर घोटाच गायब!

घोटा चित्रात आहे, पण त्याच्यावर मजकुराची ओळ, मंडळाचं नाव आणि गाण्याची पट्टी बसलीय. कॅमेऱ्याजवळच्या कोपऱ्यातल्या खेळाडूंचे पाय चित्रात खालच्या बाजूला येतात. माझ्या चौकटीत ते वरून १४६७ व्या पिक्सेलवर आहेत. रील्सच्या जाहिरातींसाठी जे मार्गदर्शन आहे त्यात खालचा सुमारे ३५ टक्के भाग आणि वरचा १४ टक्के भाग मोकळा ठेवायला सांगतात. साध्या रीलवर झाकलेला भाग त्यापेक्षा कमी असतो, पण मजकूर उलगडला की वाढतो, आणि उजव्या बाजूला बटणांची रांग असतेच. मी ३५ टक्केच धरून चालतो, म्हणजे १२५० च्या खाली महत्त्वाचं काही नको.

पूर्ण उंची वापरल्यामुळे चौकट वरखाली सरकवायला जागाच नाही. मग चित्र आणखी मोठं करायचं? तर रुंदी कमी होते आणि कव्हर बाहेर जातो.

तोडगा वेगळा निघाला. चित्राच्या वरच्या भागात मांडवाचं छत आणि दिवे आहेत, त्यांचं कुणाला काही नाही. संपूर्ण चित्र २२० पिक्सेल वर सरकवलं. छत वर निघून गेलं, घोटा १२४७ वर आला. खाली २२० पिक्सेलची पट्टी उघडी पडली, ती मंडळाच्या झेंड्याच्या गडद रंगाने भरली. ती पट्टी तशीही ॲपच्या मजकुराखालीच जाते आणि गडद पट्टीवर पांढरा मजकूर उलट जास्त नीट वाचता येतो. तिच्या वर प्रेक्षकांची डोकी आहेत, त्यांच्यावर मजकूर आला तर बिघडत नाही.

आज्ञेत बदल एवढाच, `x` चा भाग तोच:

```
crop=1216:1912:x='...':y=248,scale=1080:1698,pad=1080:1920:0:0:color=0x5a1414,setsar=1
```

गुणफलक वर, पण अगदी वर नाही. पहिले अडीचशे पिक्सेल सोडून, डावीकडे. उजवीकडे ठेवला तर खालच्या बटणांच्या रांगेशी त्याची गर्दी होते. संघांची नावं छोटी केली. उरलेले सेकंद दाखवायचे की नाही यावर सर आणि मी एकमत नाही. सरांना हवेत. माझं म्हणणं, डोळा आकड्याकडे गेला की पायाकडून उठतो. तिसऱ्या चढाईला दाखवायचे आणि बाकीच्यांना नाही, असं तूर्त ठरलं.

मुखपृष्ठाचं चित्र निवडताना: इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर आता ३:४ तुकडा दिसतो, म्हणजे मधले १४४० पिक्सेल. गुणफलक त्यात राहतो, पट्टी पूर्ण जाते. चालेल.

१३ फेब्रुवारी

आज अवघड प्रकार. अव्वल पकड. बचावात तीनच खेळाडू, दोन कोपऱ्यांत आणि एक मधे. चढाईपटू लांबच्या कोपऱ्याला हूल देतो, मधला धावतो, आणि पकड होते जवळच्या कोपऱ्याकडून. तिघं एका वेळी दिसले नाहीत तर तिघांच्या ताळमेळाला अर्थच राहत नाही. तीन गोष्टी पाठोपाठ दाखवल्या तर तीन सुटी माणसं दिसतात.

हलती चौकट इथे हरते. लांबचा कोपरा, जवळचा कोपरा आणि मध्यरेषा, सगळ्यांना मिळून सबंध अर्धं मैदान लागतं. जवळच्या कोपऱ्याच्या खोलीवर ते १६०० पिक्सेलच्या वर जातं.

म्हणून उभ्या चौकटीत ४:५ चं चित्र बसवलं. पूर्ण उंचीतून ४:५ चा तुकडा १७२८ पिक्सेल रुंद निघतो, म्हणजे जवळच्या कोपऱ्यातही पावणेसात मीटरच्या वर. अर्धं मैदान साडेसहा. डावी कड १८५०, उजवी ३५७८, मध्यरेषा आत, अंतिम रेषा आत. आणि चौकट अजिबात हलवावी लागत नाही, हा मोठा फायदा.

किंमत अशी की खेळाडू लहान होतात. पूर्ण उभ्या चौकटीत जवळचा खेळाडू ३९० पिक्सेल उंच होता, इथे २७०. फोनवर चेहरा ओळखू येत नाही, अंगातल्या बनियनचा आकडा मोठा असेल तर येतो. सामूहिक पकडीला हे चालतं. एकट्या चढाईपटूच्या करामतीला नाही.

४:५ चं चित्र १०८० बाय १३५० होतं, ५७० पिक्सेल रिकामे राहतात. चित्र मधोमध न ठेवता वर ढकललं. वर २०० ची पट्टी, खाली ३७०. रिकाम्या जागी त्याच चित्राची धूसर, मोठी केलेली प्रत टाकायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. हलणारी धूसर माणसं खऱ्या माणसांच्या भोवती, डोळा सारखा तिकडे ओढला जातो. सपाट रंग टाकला.

एक नियम स्वतःपुरता करून ठेवतो: एका चढाईत मधेच ४:५ वरून ९:१६ वर जायचं नाही. चित्राची उंची बदलली की बघणाऱ्याला वाटतं काहीतरी नवीन सुरू झालं. चढाई सुरू होण्याआधीच आकार ठरला पाहिजे, आणि तो शेवटाकडून बघितल्यामुळे ठरवता येतो.

१४ फेब्रुवारी

दुसऱ्या कॅमेऱ्याचं साहित्य चाळलं. फुल एचडीमधून उभा तुकडा ६०८ पिक्सेल रुंद, तो १०८० करायचा म्हणजे पावणेदोन पटीहून थोडं जास्त ताणणं. शेजारी फोरकेचं चित्र लागलं की मऊपणा लगेच जाणवतो. शिवाय कॅमेरावाला स्वतः खेळाडूमागे फिरवतोय. त्याच्यावर माझे कीफ्रेम घातले की दोन हालचाली एकमेकींत अडकतात, त्याचा हात उजवीकडे, माझी चौकट डावीकडे, आणि बघणाऱ्याला मळमळ.

अशा चित्रणात चौकट मधे पक्की ठेवून त्याच्या हातावर विश्वास टाकलेला बरा. त्याने खेळाडू बऱ्याच ठिकाणी मधेच ठेवलाय. जल्लोष, लोण दिल्यानंतरची आरडाओरड, सरांचं ओरडणं, एवढंच यातून घेतो. तिथे कुठली रेषा दिसायला नको असते.

१७ फेब्रुवारी

एक वादाची चढाई. बोनस मिळाला की नाही. बोनससाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत, दोन्ही एका क्षणी दिसायला हवं, आणि बचावात सहा किंवा जास्त खेळाडू आहेत हेही. पहिल्यासाठी जवळचं चित्र लागतं, दुसऱ्यासाठी लांबचं.

चौकट आडवी दुभागली. वरचा भाग १०८० बाय ९६०, खालचाही तेवढाच. वरच्यात मूळ चित्राचा मोठा तुकडा, अख्खा बचाव, सहाही माणसं मोजता येतील असा. खालच्यात त्याच क्षणाचा ८१० बाय ७२० चा तुकडा, फक्त पाय आणि रेषा. तो सव्वा पटीने थोडा जास्त ताणलाय, पण फोरकेतून असल्यामुळे टिकतो. दोन्ही भाग एकाच वेळेचे, एक फ्रेमही मागेपुढे नाही, हे फ्रेम थांबवून तपासलं. एका भागाचा वेग कमी करायचा तर दुसऱ्याचाही तेवढाच.

खालच्या भागातही पाय वरच्या अर्ध्यात ठेवले, १२५० ची रेषा इथेही लागू. पहिल्या मांडणीत पाय खाली होते, फोनवर ते मजकुराखाली गेले असते.

हे फक्त पुनर्दर्शनासाठी. सरळ चालू चढाईला दुभागलेली चौकट लावली तर वर बघायचं की खाली ते ठरवेपर्यंत चढाई संपते.

१९ फेब्रुवारी

तपासणी. ज्यांनी सामना पाहिला नाही अशांना व्हिडिओ दाखवायचा, आवाज बंद, गुणफलक झाकलेला, आणि विचारायचं: गुण कुणाला? कसा? आवाज बंद यासाठी की समालोचन सगळं सांगून टाकतं आणि चित्रातली उणीव झाकली जाते.

माझी मामेबहीण कबड्डी बघत नाही, तिला घोटा धरलेली चढाई लगेच कळली. "त्याने ओढत नेलं त्याला, रेषेला हात लागला." बस, एवढंच हवं होतं. अव्वल पकडीतही तिने तिघांकडे बोट दाखवलं.

एका चढाईत मात्र सगळ्यांनी उलट सांगितलं. चढाईपटू कुणाला स्पर्श होण्याआधीच राखीव क्षेत्रात पाय पडून बाद झाला होता, आणि तिथे माझ्या चौकटीत त्यानंतरची झटापट ठळक होती, पण राखीव क्षेत्राची रेषा चौकटीत इतकी खाली होती की कुणाचं तिकडे लक्षच गेलं नाही. या एका चढाईत चित्र आणखी १०० पिक्सेल वर सरकवलं आणि पट्टी तेवढी रुंद केली. छताबरोबर पलीकडच्या प्रेक्षकांची वरची रांगही गेली. पुन्हा दाखवल्यावर दोघांपैकी एकाला रेषा दिसली. दुसऱ्यासाठी पाय पडला तो फ्रेम अर्धा सेकंद थांबवला.

२२ फेब्रुवारी

पहिला संच मंडळाकडे दिला. सरांनी दोन चढायांत चौकट परत पाठवली. दोन्ही ठिकाणी त्यांचं म्हणणं एकच: चाल सुरू होण्याआधी मी उजवीकडे सरकलोय, त्यामुळे काय होणार ते आधीच कळतं. बरोबर आहे. आधी निघायचं ते परतीच्या झेपेला, कारण तिथे दिशा एकच असू शकते. हुलकावणीच्या वेळी चौकटीने खेळाडूपेक्षा शहाणं असू नये. तिथे कीफ्रेम त्याच्या पावलानंतर चार-पाच फ्रेम उशिरा ठेवले, आणि चौकट आधीच थोडी उजवीकडे ठेवून हालचाल लहान केली म्हणजे मागे राहूनही तो बाहेर जात नाही.

२४ फेब्रुवारी

पुढच्या स्पर्धेसाठी कॅमेरावाल्याला कळवायच्या गोष्टी, आज बोलणं झालं.

मुख्य कॅमेरा आहे तिथेच राहू दे, बाजूने. बोनस, मध्यरेषा, राखीव क्षेत्र, सगळे निवाडे तिथूनच दिसतात. पण मचाण आणखी उंच जमलं तर बघ. उंचीवरून मैदान चित्रात उभं पसरतं आणि जवळच्या कोपऱ्यातल्या खेळाडूमागे लांबचा झाकला जात नाही. छत चौकटीत घेऊ नकोस, त्याऐवजी खाली प्रेक्षकांची डोकी जास्त येऊ दे, म्हणजे मला चित्र वर सरकवावं लागणार नाही.

दुसरा कॅमेरा अंतिम रेषेमागे आहे तो उंच ठेवून आडवा पाडून, म्हणजे उभ्या चौकटीतच, चित्रित कर. तिथून चढाई डावीउजवीकडे होत नाही, आपल्याकडे येते आणि परत जाते, मध्यरेषा चौकटीच्या वरच्या भागात आडवी पडते. मला काही कापावंच लागणार नाही. तो म्हणाला, "मग पाठमोरा चढाईपटूच दिसेल, हात कुणाला लागला ते कुठून कळणार?" खरं आहे. चढाई पलीकडच्या अर्ध्यात असेल तर चढाईपटूचं अंगच स्पर्श झाकतं, आणि कॅमेरा खाली असेल तर पाय बोनस रेषेच्या अलीकडे की पलीकडे तेही दाबल्यासारखं दिसतं. म्हणून दोन्ही हवेत: बाजूचा आडवा निवाड्यासाठी, मागचा उभा आवेशासाठी. दोन्ही ५० फ्रेम, आणि दिव्यांची लुकलुक टाळायला शटर १/१०० वर.

उपांत्य फेरीच्या चढाया अजून बाकी आहेत. त्यांतली एक लांबच्या कोपऱ्यात आहे, तिथे सबंध अर्धं मैदान मावतं. तिला एकही कीफ्रेम लागणार नाही असं भिंतीवरचा कागद सांगतोय. उद्या तिच्यापासून सुरुवात.